लहान डेव्हलपरसाठी अ‍ॅप आणि गेमची चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान डेव्हलपरला बाहेरचे टेस्टर कशासाठी लागतात? त्याचे स्वतःचे मित्र पुरेसे नाहीत का?

पूर्वी मित्र पुरत असत. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गूगल प्लेवर ज्यांनी वैयक्तिक स्वरूपाचे डेव्हलपर खाते उघडले, त्यांना अ‍ॅप सर्वांसाठी प्रसिद्ध करण्यापूर्वी बंदिस्त चाचणी, म्हणजे ठरावीक लोकांपुरतीच चाचणी, घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी किमान २० टेस्टरची अट होती आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आणण्यात आली. या १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असावे लागते. त्यानंतर डेव्हलपर प्रसिद्धीच्या परवानगीसाठी अर्ज करतो आणि त्या अर्जात टेस्टरनी अ‍ॅप कसे वापरले, त्यांनी काय कळवले आणि त्यावरून अ‍ॅपमध्ये काय बदलले, हे त्याला लिहून द्यावे लागते. संस्थेच्या नावाने उघडलेल्या खात्यांना ही अट लागू नाही.

एकट्याने अ‍ॅप बनवणाऱ्या माणसाला १२ नावे कशीबशी मिळतात, पण अर्जातील त्या प्रश्नांची उत्तरे देता येतील असे काही त्या नावांकडून मिळत नाही. तुमच्या, म्हणजे बाहेरच्या टेस्टरच्या, कामाला मागणी निर्माण होते ती इथे.

‘१२ टेस्टर मिळवून देतो’ म्हणणाऱ्या गटांत सामील झाल्यास पैसे मिळतात का?

काही ठिकाणी अगदी किरकोळ रक्कम मिळते आणि बहुतेक ठिकाणी ‘तू माझे अ‍ॅप उतरव, मी तुझे उतरवतो’ अशी अदलाबदल असते. माझा सल्ला असा आहे की त्यात फार वेळ घालवू नये. दुव्यावर जाऊन सहभाग नोंदवणे आणि अ‍ॅप १४ दिवस फोनमध्ये नुसते ठेवणे हे काम कोणीही करू शकतो, त्यामुळे त्याचा भाव वाढण्याचे कारण नाही. शिवाय टेस्टरनी अ‍ॅप प्रत्यक्ष वापरलेच नाही असे दिसले, तर गूगल ‘आणखी चाचणी घ्या’ असे सांगून अर्ज परत पाठवते. असा अर्ज परत आलेला डेव्हलपर हा तुमच्यासाठी चांगला ग्राहक असतो, कारण नुसत्या नावांचा उपयोग होत नाही हे त्याला तोपर्यंत कळलेले असते.

मग या १४ दिवसांत टेस्टरने प्रत्यक्षात काय करावे?

पहिल्या दिवशी कोणतीही सूचना न वाचता, नवख्या माणसाप्रमाणे अ‍ॅप उघडावे आणि जिथे जिथे अडखळायला होते ती जागा लगेच लिहून ठेवावी. ही संधी एकदाच मिळते, कारण दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला अ‍ॅपची सवय होते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत अ‍ॅपचा मुख्य मार्ग, म्हणजे ज्या कामासाठी ते बनवले आहे ते काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत अनेकदा करून पाहावे.

पुढचे दिवस अडथळे आणण्याचे. अर्धवट फॉर्म भरलेला असताना फोन आडवा करावा, मध्येच आलेला कॉल घ्यावा, विमान मोड चालू करावा, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवावा. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवण्यासाठी अ‍ॅपला वेगळी परवानगी मागावी लागते. ती नाकारून पाहावी. आठवण करून देणारी पुष्कळ अ‍ॅप इथे मुकाट राहतात आणि वापरकर्त्याला काही सांगतही नाहीत. फोनच्या `Developer options` मध्ये `Don't keep activities` नावाचा पर्याय असतो; ते पान कसे उघडायचे हे क्रॅश लॉगच्या उत्तरात सांगितले आहे. तो चालू केला की तुम्ही अ‍ॅपमधून बाहेर पडताच त्याचा पडदा नष्ट केला जातो आणि परत आल्यावर अर्धवट भरलेली माहिती टिकते की नाही, हे लगेच दिसते. कमी मेमरीच्या फोनवर अशी परिस्थिती एरवीही अधूनमधून येते. हा पर्याय ती हमखास आणतो. तपासणी झाल्यावर तो आठवणीने बंद करावा, नाहीतर फोनमधली इतर अ‍ॅपही विचित्र वागतील आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसाल. मी एकदा अख्खी संध्याकाळ अशी घालवली आहे.

चाचणी सुरू असताना डेव्हलपरने नवी आवृत्ती दिली, तर आधी कळवलेले दोष तिच्यावर पुन्हा तपासून ‘गेला’ किंवा ‘अजून आहे’ असे लिहून द्यावे. अर्जातील उत्तरांसाठी डेव्हलपरला याच नोंदी उपयोगी पडतात. आणि १४ दिवस पूर्ण होण्यापूर्वी चाचणीतून बाहेर पडू नये, कारण एकाच्या जाण्याने संख्या १२ च्या खाली गेली तर डेव्हलपरचे दिवस वाया जाऊ शकतात.

माझ्याकडे एकच, साधा, तीन-चार वर्षांपूर्वीचा फोन आहे. काम मिळेल का?

मिळेल. लहान डेव्हलपरकडे स्वतःचा एक बऱ्यापैकी फोन आणि संगणकावर फोनची नक्कल करणारा एम्युलेटर असतो. कमी मेमरीचा, भरलेल्या स्टोरेजचा आणि मराठीत चालणारा फोन त्याच्याकडे बहुधा नसतो. यातली शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, आणि तिचे एक उदाहरण पुढच्या उत्तरात सविस्तर घेतले आहे.

बग सापडला, तर त्याची नोंद नेमकी कशी लिहावी?

दूधवाल्याचा हिशेब ठेवणारे एक अ‍ॅप घेऊ. त्यात मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषा आहेत. रोज किती लिटर दूध आले आणि भाव काय होता हे भरले की महिन्याचे बिल तयार होते. तुमच्या फोनची भाषा मराठी आहे. तुम्ही कालची नोंद बदलायला गेलात आणि अ‍ॅप बंद पडले. नवखा टेस्टर इथे लिहितो : ‘एडिट केल्यावर अ‍ॅप क्रॅश होते, कृपया दुरुस्त करा.’ डेव्हलपर आपल्या इंग्रजी भाषेतील फोनवर एडिट करून पाहतो, काहीच होत नाही, आणि ‘माझ्याकडे नीट चालते’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. दोघेही खरे बोलत असतात.

म्हणून नोंद लिहिण्यापूर्वी दोष कोणत्या कोपऱ्यात आहे ते शोधावे, आणि त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नवी नोंद `1.5` लिटर अशी टाकली, तर ती नीट जतन होते. तीच नोंद पुन्हा उघडली, तर चौकटीत आता `१.५०` असे देवनागरी अंक दिसतात, आणि काहीही न बदलता जतन करा दाबले तरी अ‍ॅप बंद पडते. चौकटीतला आकडा पुसून स्वतः `1.5` टाइप केले, तर बंद पडत नाही. फोनची भाषा इंग्रजी केली, तर तीच नोंद उघडून जतन करता येते. आता दोष कुठे आहे हे जवळजवळ उघड झाले, आणि त्यासाठी तुम्हाला कोडची एकही ओळ पाहावी लागली नाही. एवढे झाल्यावर नोंद अशी लिहिता येते :

शीर्षक : फोनची भाषा मराठी असताना जुनी नोंद उघडून जतन केल्यास अ‍ॅप बंद पडते.
आवृत्ती : 1.0.4. फोन : अँड्रॉइड १३, ३ जीबी रॅम, भाषा मराठी.
कृती : १. फोनची भाषा मराठी ठेवून अ‍ॅप उघडले. २. नवी नोंद केली, लिटर `1.5`, भाव `60`, आणि जतन केली. ३. यादीतून तीच नोंद उघडली. ४. काहीही न बदलता जतन करा दाबले.
अपेक्षा : नोंद आहे तशी जतन होऊन यादी दिसावी.
प्रत्यक्षात : अ‍ॅप लगेच बंद पडते. पुन्हा उघडल्यावर जुनी नोंद शाबूत असते.
किती वेळा : १० पैकी १० वेळा.
कधी होत नाही : फोनची भाषा इंग्रजी असताना, किंवा चौकटीतला `१.५०` पुसून `1.5` टाइप केल्यास.
सोबत : २० सेकंदांचे स्क्रीन रेकॉर्डिंग आणि क्रॅश लॉग.

या नोंदीतली सर्वांत मोलाची ओळ ‘कधी होत नाही’ ही आहे, आणि नेमकी तीच बहुतेक टेस्टर लिहीत नाहीत. ‘पुन्हा उघडल्यावर जुनी नोंद शाबूत असते’ हे वाक्यही वाया गेलेले नाही, कारण वापरकर्त्याची माहिती गेली की वाचली यावर दोष किती गंभीर हे ठरते.

पण असे होते तरी का? टेस्टरला कारण माहीत असणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण हे एक कारण मराठी टेस्टरने जरूर समजून घ्यावे. संगणकप्रणालींमध्ये प्रत्येक भाषेसाठी ‘मूळ अंक कोणते’ हे ठरलेले असते. मराठीसाठी ते देवनागरी आहेत. हिंदीसाठी मात्र १, २, ३ नव्हे तर `1`, `2`, `3` असे धरलेले आहेत. त्यामुळे हिंदीत अ‍ॅप तपासून ‘भारतीय भाषांत चालते’ असे समजणाऱ्या डेव्हलपरला हा दोष कधी दिसतच नाही. अँड्रॉइडवर भाषा न सांगता दशांश संख्येचा मजकूर बनवला, तर तो चालू भाषेच्या अंकांत बनतो, आणि तो परत संख्येत बदलणाऱ्या कोडला देवनागरी दशांश संख्या वाचता येत नाही :

```
val text = String.format("%.2f", litres)  // "१.५०"
val again = text.toDouble()  // NumberFormatException
```

तपशील काहीसा गमतीचा असा की पूर्णांक वाचणारी आज्ञा देवनागरी अंक चालवून घेते, फक्त दशांश वाचणारी अडते. त्यामुळे तेच अ‍ॅप एका ठिकाणी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी पडते. दुरुस्ती सोपी आहे : साठवणीच्या आणि हिशेबाच्या मजकुरासाठी `Locale.US` असे स्पष्ट सांगायचे आणि देवनागरी अंक फक्त दाखवण्यापुरते ठेवायचे. मात्र नोंदीत कारण लिहायचे असेल तर ते ‘माझा अंदाज’ असे म्हणून, शेवटी आणि वेगळे लिहावे. पाहिलेली गोष्ट आणि अंदाज एकाच वाक्यात मिसळले की डेव्हलपर तुमच्या अंदाजाच्या मागे धावतो, आणि तो चुकला असेल तर पुढच्या नोंदीवरचा त्याचा विश्वास कमी होतो.

क्रॅश लॉग कसा काढायचा?

फोनच्या माहितीच्या पानावर `Build number` वर सात वेळा टॅप केले की `Developer options` दिसू लागते. काही कंपन्यांच्या फोनवर त्याऐवजी प्रणालीच्या आवृत्तीच्या नावावर टॅप करावे लागते. तिथे `USB debugging` चालू करून फोन संगणकाला जोडावा, क्रॅश घडवून आणावा आणि संगणकावर बसवलेल्या `adb` या अँड्रॉइडच्या साधनाने लगेच ही आज्ञा द्यावी :

```
adb logcat -b crash -d > crash.txt
```

फाइल छोटी असते आणि डेव्हलपरला कोडमधली नेमकी ओळ दाखवते. संगणक नसेल तर फोनमधूनच संपूर्ण बग रिपोर्ट काढता येतो, पण त्यात तुमच्या खात्यांची आणि फोनच्या वापराचीही बरीच माहिती जाते. तो फक्त डेव्हलपरला खाजगीरीत्या द्यावा, कोणत्याही गटात टाकू नये.

दर वेळी न घडणारा बग कळवावा का?

कळवावा, पण मोजून. ‘कधीकधी होते’ याऐवजी ‘२० पैकी ३ वेळा झाले’ असे लिहावे आणि त्या तीन वेळांत समान काय होते ते पाहावे : चार्जिंग चालू होते का, नेट वायफायवरून मोबाइल डेटावर गेले होते का, अ‍ॅप बराच वेळ मागे पडून होते का. घडल्याची वेळ मिनिटासह लिहावी, कारण तिच्या आधारे डेव्हलपर सर्व्हरवरच्या नोंदी शोधू शकतो.

गेमची चाचणी वेगळ्या प्रकारे करावी लागते का?

दोन बाबतींत वेगळी असते. पहिली म्हणजे जाहिरात पाहून बक्षीस मिळण्याची जागा, कारण लहान गेमचे बरेचसे उत्पन्न तिथून येते आणि ती फार लवकर मोडते. जाहिरात चालू असताना नेट बंद करावे, जाहिरात संपल्यावर गेमकडे परतण्याच्या क्षणी फोन लॉक करावा, बक्षीस घेण्याचे बटण दोनदा भरभर दाबावे आणि प्रत्येक वेळी नाणी आधी किती होती व नंतर किती झाली हे लिहावे. नाणी न मिळाल्याने खेळाडू चिडतो आणि दुप्पट मिळाल्याने डेव्हलपरचे नुकसान होते. तारीख एक दिवस पुढे केल्यावर ‘रोजचे बक्षीस’ लगेच मिळते का, हेही इथेच पाहून घ्यावे.

दुसरी बाब वेळेची. पाच मिनिटे सुरळीत चालणारा गेम ४० मिनिटांनी, फोन तापल्यावर अडखळू लागतो. त्यामुळे सलग एक बैठक करावी, सुरुवातीची आणि शेवटची बॅटरी टक्केवारी नोंदवावी आणि अडखळणे नेमके कितव्या मिनिटाला सुरू झाले ते सांगावे. ‘पातळी ७ फार अवघड आहे’ हा बग नव्हे, पण ‘पातळी ७ वर मी ११ वेळा हरलो आणि गेम सोडला’ ही माहिती डेव्हलपरला हवी असते. ती वेगळ्या मथळ्याखाली द्यावी.

अ‍ॅपमधली खरेदी तपासताना माझे पैसे जातात का?

डेव्हलपरने प्ले कन्सोलमध्ये तुमचा ईमेल परवाना-टेस्टर म्हणून नोंदवला असेल, तर खरेदीच्या वेळी चाचणीचे कार्ड दिसते आणि पैसे जात नाहीत. नुसते बंदिस्त चाचणीत असणे पुरेसे नाही. खरेदीच्या पडद्यावर चाचणीच्या कार्डाऐवजी तुमचे खरे कार्ड किंवा यूपीआय दिसले तर तिथेच थांबून डेव्हलपरला कळवावे. चाचणीतली मासिक वर्गणी दर पाच मिनिटांनी नव्याने आकारली जाते, त्यामुळे एका तासात नूतनीकरण आणि रद्द करणे दोन्ही तपासून होते.

पैसे देणारे काम कुठे शोधावे?

तीन वाटा आहेत. यूटेस्ट, टेस्ट आयओ, टेस्टबर्ड्स यांसारख्या मंचांवर नोंदणी विनामूल्य असते. तिथे तुमच्या फोनची आणि देशाची माहिती पाहून कामाची निमंत्रणे येतात आणि बहुधा मान्य झालेल्या बगागणिक किंवा पूर्ण केलेल्या चाचणीगणिक पैसे मिळतात. प्लेटेस्टक्लाउड हा मंच गेमसाठी आहे. तिथे खेळताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचे असते आणि पडदा व आवाज रेकॉर्ड होतो. या मंचांवर नोंदी बहुधा इंग्रजीत लिहाव्या लागतात. इंग्रजी अलंकारिक असण्याची गरज नाही, छोटी वाक्ये चालतात. मात्र पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा. सुरुवातीचे काही आठवडे निमंत्रणे अगदी तुरळक येतात आणि दुसऱ्याने आधी कळवलेल्या बगाचे पैसे सहसा मिळत नाहीत, याची तयारी ठेवावी.

दुसरी वाट अपवर्कसारख्या ठिकाणी स्वतःची सेवा मांडण्याची. तिसरी, आणि माझ्या मते लहान डेव्हलपरसाठी सर्वांत नैसर्गिक, म्हणजे थेट संपर्काची. प्ले स्टोअरवर मराठी भाषा असलेले एखादे लहान अ‍ॅप घ्यावे, त्यात वर सांगितल्याप्रमाणे एक खरा बग शोधावा, त्याची नीट नोंद अ‍ॅपच्या पानावर दिलेल्या संपर्क-ईमेलवर विनामूल्य पाठवावी आणि शेवटी एका ओळीत ‘पुढच्या आवृत्तीची संपूर्ण चाचणी मी या रकमेत करून देऊ शकतो’ असे लिहावे. अशा दहा पत्रांपैकी बहुतेकांना उत्तर येत नाही. ज्यांना येते, त्यांच्याशी दराची घासाघीस फारशी करावी लागत नाही, कारण कामाचा नमुना त्यांनी आधीच पाहिलेला असतो.

किती रक्कम मागावी?

बगागणिक दर लहान डेव्हलपरला सांगू नये. त्याने तुमचे लक्ष किरकोळ दोषांची संख्या वाढवण्याकडे जाते आणि त्याला बिलाचा अंदाज येत नाही. व्याप्ती ठरवून एकच रक्कम सांगावी : कोणते फोन, कोणत्या भाषा, किती तास आणि दुरुस्तीनंतरची फेरतपासणी एकदा की दोनदा. समजा, दोन फोनवर सहा तास तपासणी, दोन तास नोंदी लिहिणे आणि दोन तास फेरतपासणी असे दहा तास होतात; तुमचा तासाचा दर ३०० रुपये असेल तर ३,००० रुपये मागावेत आणि अर्धे आधी घ्यावेत. नोंदी लिहिण्याचे तास हिशेबात धरायला नवखे टेस्टर विसरतात, आणि त्यातही बराच वेळ जातो.

परदेशातून पैसे कसे येतात?

बहुतेक मंच पेपॅल किंवा पेओनियरमार्फत देतात. भारतात पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले, मात्र परदेशातून येणारे पैसे घेता येतात. त्यासाठी पॅन आणि कामाचा प्रकार सांगणारा कोड भरावा लागतो. भारतातल्या डेव्हलपरकडून थेट बँक खात्यात किंवा यूपीआयने घ्यावेत. दोन्ही प्रकारची रक्कम तुमचे उत्पन्न असते आणि विवरणपत्रात दाखवावी लागते.

फसवणूक कशी ओळखावी?

टेस्टरकडून पैसे मागितले की ते काम नव्हे, मग त्याला नोंदणी शुल्क म्हणा, अनामत म्हणा किंवा ‘पुढची पातळी उघडण्यासाठी भरणा’ म्हणा. टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या अशा ‘टास्क’ योजनांत सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात आणि म्हणूनच माणूस पुढे मोठी रक्कम भरतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर किंवा `cybercrime.gov.in` येथे तक्रार करावी; उशीर होईल तसे पैसे परत मिळणे कठीण होत जाते.

चाचणीच्या नावाखाली प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाइल पाठवून एसएमएस वाचण्याची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली, तर ती देऊ नये. बँकेची अ‍ॅप ज्या फोनवर आहेत तो फोन चाचणीसाठी न वापरणेच चांगले, आणि चाचणीसाठी वेगळे गूगल खाते ठेवावे, कारण तुमचा ईमेल डेव्हलपरच्या यादीत जातो.

डेव्हलपर ‘पाच तारे द्या, मग पैसे देतो’ म्हणाला तर?

नकार द्यावा. मोबदला देऊन मिळवलेली परीक्षणे गूगल प्लेच्या धोरणाविरुद्ध आहेत. बंदिस्त चाचणीतला तुमचा अभिप्राय तसाही फक्त डेव्हलपरलाच दिसतो, त्यामुळे अशी मागणी अ‍ॅप प्रसिद्ध झाल्यानंतर येते. ‘अहवालाचे पैसे घेतले आहेत, त्यामुळे परीक्षण लिहू शकत नाही’ एवढे उत्तर पुरते.

आयफोनवर हेच काम कसे चालते?

तिथे १२ टेस्टरची अट नाही. डेव्हलपर टेस्टफ्लाइट या अ‍ॅपलच्या चाचणी-सेवेमार्फत १०,००० पर्यंत बाहेरचे टेस्टर बोलावू शकतो आणि चाचणीसाठी दिलेली प्रत्येक आवृत्ती ९० दिवसांनी चालेनाशी होते. टेस्टफ्लाइटमध्ये स्क्रीनशॉट काढून तिथूनच अभिप्राय पाठवता येतो, पण त्या छोट्या चौकटीत कृतींचा क्रम नीट मावत नाही. मी चौकटीत फक्त बगाचे शीर्षक लिहितो आणि पूर्ण नोंद ईमेलने वेगळी पाठवतो.

डेव्हलपरने ‘हा बग नाही’ असे म्हटले तर?

आधी त्याने कोणत्या फोनवर, कोणत्या भाषेत आणि कोणत्या आवृत्तीवर पाहिले ते विचारावे. निम्मे वाद इथेच मिटतात. त्याचे म्हणणे ‘ते मुद्दाम तसे ठेवले आहे’ असे असेल, तर वापरकर्ता म्हणून तुमचा गोंधळ कुठे झाला हे एकदा लिहावे आणि सोडून द्यावे, कारण अ‍ॅप त्याचे आहे. तुमच्या अहवालात ती नोंद ‘डेव्हलपरच्या मते अपेक्षित’ अशी राहू द्यावी, पुसून टाकू नये. पुढे तीच तक्रार खऱ्या वापरकर्त्यांकडून आली, तर तो तिची तारीख शोधत तुमच्या जुन्या ईमेलकडे परत येतो.